अहो आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा! सासूबाईंना मनापासून, मानानं आणि तरीही घरच्यासारखं कसं लिहावं

सासूबाईंना काय लिहायचं हा प्रश्न बहुतेक घरांत आदल्या रात्री साडेदहाला पडतो. मग मोबाइलवर शुभेच्छा शोधल्या जातात, गुलाबाच्या फुलांवर चार ओळी छापलेलं एक चित्र सापडतं आणि सकाळी ते रवाना होतं. त्याच दिवशी तेच चित्र सासूबाईंना त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीकडूनही आलेलं असतं.

आईला किंवा नवऱ्याला लिहिताना अशी अडचण येत नाही. सासूबाईंशी नातं जवळचं असतं, पण बोलणं 'अहोजाहो'चं असतं. मान राखायला गेलं की मजकूर निमंत्रणपत्रिकेसारखा होतो, आणि जवळीक दाखवायला गेलं की उगाच लाडात आल्यासारखा वाटतो. यातून वाट काढायची तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. मान क्रियापदातून द्यायचा आणि माया तपशिलातून. 'आदरणीय', 'वंदनीय', 'मातृतुल्य' अशा विशेषणांवर दोन्हींचं ओझं टाकलं की मजकूर ताठर होतो.

आधी तारीख पक्की करा

ही पायरी अनावश्यक वाटेल, पण साठीच्या पुढच्या बायकांच्या बाबतीत ती हमखास चुकते. आधार कार्डावर १ जून असेल तर जरा थांबा. पूर्वी शाळेत नाव घालताना मुलाची नेमकी जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि वयाचा हिशोब सोपा पडायचा. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. खरा दिवस बरेचदा तिथीनं लक्षात असतो: 'आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची', 'गौरी बसल्या त्या दिवशीची'.

हे नवऱ्याला विचारून फारसा उपयोग नसतो, त्याला कागदावरचीच तारीख पाठ असते. नणंदेला विचारा, नाहीतर मावससासूबाईंना. तिथी कळली तर त्या वर्षीच्या दिनदर्शिकेत बघावी लागते, कारण तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. दोन्ही दिवस माहीत असतील तर मुख्य शुभेच्छा त्या स्वतः जो दिवस मानतात त्या दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी फोनवर 'आज तिथीनं तुमचा वाढदिवस ना, नमस्कार करते' एवढं म्हणालात तरी तुम्ही आठवण ठेवलीत हे त्यांना कळतं.

हाक आणि क्रियापद

एक नियम कधीही मोडू नये. स्वयंपाकघरात रोज जी हाक मारता, तीच मजकुरात वापरायची. रोज 'आई' म्हणत असाल तर त्या दिवशी 'प्रिय सासूबाई' लिहू नका. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः गावाकडे, सासूला 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणायची रीत अनेक घरांत आहे. तिथे 'आत्या' हीच हाक गोड. 'मम्मी' म्हणत असाल तर 'मम्मी'. 'सासूबाई' हा शब्द तिसऱ्याशी बोलताना वापरायचा आहे, थेट हाक म्हणून तो क्वचितच बसतो.

सर्वनामाचंही तेच. 'तुम्ही' म्हणत असाल तर वाढदिवसापुरतं 'तू' करू नका. आणि घरात 'अगं आई, तू' अशी मोकळीक असेल तर त्या दिवशी अचानक 'तुम्ही'वर जाऊ नका, कारण त्यांना वाटेल काहीतरी बिनसलंय. 'आपण', 'आपणास', 'आपले' मात्र सरळ टाळा. ती सोसायटीच्या नोटिशीची आणि चौकातल्या फ्लेक्सची भाषा आहे.

'तुम्ही' ठेवूनही ऊब आणता येते, आणि त्यासाठी मराठीत छोटे छोटे शब्द आहेत. सुरुवातीचा 'अहो', शेवटचा 'हं', मधला 'ना' किंवा 'बरं का'. 'तब्येतीची काळजी घ्यावी' आणि 'तब्येतीला जपा हं' यांतला अर्थ एकच आहे, पण पहिलं वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं वाटतं.

दुसरी गोष्ट क्रियापदाच्या शेवटच्या 'त'ची. 'तुम्ही मला सांभाळून घेतलंत', 'तुम्ही साडी दिलीत', 'तुम्ही डबा पाठवलात'. हा 'त' बोलताना हल्ली गळतो, पण लिहिताना ठेवला तर मान तिथेच दिला जातो, वेगळं विशेषण लागत नाही. फक्त क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं हे लक्षात ठेवा. साडी 'दिलीत', डबा 'दिलात', पातेलं 'दिलंत'. सगळीकडे 'दिलंत' लिहिलं तर शिक्षिका असलेल्या सासूबाई तेवढंच वाचतील. शिवाय रूप बोलण्यातलं ठेवा: 'शिकवले', 'वाटले', 'सांगितले' नको, 'शिकवलं', 'वाटलं', 'सांगितलं' हवं. पुस्तकी रूपं आली की प्रेमळ वाक्यसुद्धा अहवालासारखं वाचलं जातं.

शुद्धलेखनात चार शब्द पुन्हा पुन्हा चुकतात: 'हार्दिक' (दि ऱ्हस्व), 'आशीर्वाद' (शी दीर्घ), 'दीर्घायुष्य' (दी दीर्घ), आणि 'सासूबाई' (सू दीर्घ). संस्कृत ओळ लिहायचीच असेल तर 'जीवेत् शरदः शतम्' अशी लिहा. 'जिवेत शरद शतम' असं लिहिण्यापेक्षा ती गाळलेली बरी.

तपशील कसा शोधायचा

मजकूर लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं खरडा.

पहिला प्रश्न: गेल्या वर्षभरात त्यांनी केलेली अशी कोणती लहान गोष्ट आहे, जी फक्त तुम्ही पाहिलीत? 'सगळ्यांसाठी खूप करतात' हे उत्तर चालणार नाही. कुणी काय, कधी, कशात केलं हे हवं. रात्री उशिरा घरी आल्यावर गॅसवर झाकून ठेवलेली आमटी, मुलाला ताप असताना पहाटे चारला त्यांनी लावून दिलेला गजर, किंवा तुमच्या आईशी त्या दर रविवारी फोनवर बोलतात ही गोष्ट.

दुसरा प्रश्न: त्यांची कोणती सवय नकळत तुम्हाला लागली? याचं उत्तर सापडलं तर निम्मं काम झालं. पोळ्या झाल्यावर तव्यावर पाण्याचा शिपका मारणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणं, प्रवासाला निघताना पाकिटात लिंबाची गोळी टाकणं. 'तुमच्याकडून खूप शिकले' असं शंभरदा म्हटलं तरी जे पोचत नाही, ते 'आता मीही तसंच करते' या चार शब्दांत पोचतं.

तिसरा प्रश्न: घरकाम सोडून त्यांना कशात रस आहे? शब्दकोडं, हास्यक्लब, भजनी मंडळ, क्रोशाचे रुमाल, क्रिकेट, भावंडांच्या गप्पा. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सुनांच्या शुभेच्छांत सासूबाई बहुधा फक्त राबताना दिसतात.

एक मजकूर घडवून बघू

समजा सासूबाई सोलापूरला असतात, त्यांना ६३ पूर्ण होत आहेत. सून पुण्यात नोकरी करते, लग्नाला चार वर्षं झालीत, ती त्यांना 'अहो आई' म्हणते. वरच्या प्रश्नांची तिची उत्तरं अशी: सोलापूरहून येणाऱ्या शेंगाचटणीच्या डब्यांवर त्या चिकटपट्टी लावून निळ्या पेनानं तारीख लिहितात, आणि जुन्या डब्यावर 'आधी हा संपवा' असंही. तिलाही आता फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहायची सवय लागली आहे. आणि सासूबाई गेल्या वर्षापासून भजनी मंडळात पेटी शिकायला लागल्यात.

पहिल्या प्रयत्नात सहसा असं काहीतरी लिहिलं जातं:

> आदरणीय सासूबाई, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण मला नेहमीच आईची माया दिलीत. आपले आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहोत. आपणास उदंड आयुष्य व उत्तम आरोग्य लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

यात व्याकरणाची चूक नाही. पण हा मजकूर कुठल्याही सुनेनं कुठल्याही सासूला पाठवावा असा आहे. चार ओळींत 'आपण' वेगवेगळ्या रूपांत चारदा आलंय. शेवटी 'राहोत' आणि 'लाभो'. अशी 'लाभो-राहोत'ची इच्छा एका मजकुरात एकच शोभते. दुसरी आली की सभेतलं भाषण सुरू होतं. मुख्य म्हणजे वाचून झाल्यावर सासूबाईंना बोलायला काहीच उरत नाही. त्या दोन हात जोडलेलं चित्र पाठवतील आणि विषय संपेल.

हे कोरडं वाटलं म्हणून दुसऱ्या प्रयत्नात काटा उलट्या टोकाला जातो:

> हॅपी बर्थडे आई!!! लव्ह यू सो मच! तुम्ही जगातल्या बेस्ट सासू आहात. माझ्या आईपेक्षाही तुम्ही मला जवळच्या वाटता. तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं!

ही सून रोज अशी बोलत असेल तर ठीक आहे. पण एरवी 'आई, भाजी कुठली करू?' एवढंच बोलणं होत असेल, तर हा मजकूर दुसऱ्याच कुणाकडून आल्यासारखा वाटेल. 'आईपेक्षा जवळच्या' ही ओळ तर दोघींना अवघड करते, त्याबद्दल पुढे.

आता कागदावरची उत्तरं घेऊन:

> अहो आई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!
> परवा शेंगाचटणीचा जुना डबा काढला, तर झाकणावर तारीख आणि खाली 'आधी हा संपवा'. हसूच आलं. आता आमच्या फ्रिजमधल्या सगळ्या डब्यांवर मीही तश्शी पट्टी लावते, बरं का.
> पुढच्या महिन्यात आलो की पेटीवर एक अभंग पूर्ण ऐकायचाय. तयारी करून ठेवा!
> तब्येतीला जपा हं. नमस्कार करते.

हा मजकूर पन्नासएक शब्दांचा आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर न सरकवता दिसतो. पहिली ओळ शुभेच्छेची, कारण ती शोधावी लागू नये. दुसऱ्या भागात पाहिलेली गोष्ट आणि तिच्यातून लागलेली सवय. इथे 'तुम्ही किती काळजी घेता' असं सांगितलेलंच नाही, तरी ते झाकणावर दिसतं. तिसऱ्या भागात त्यांची स्वतःची आवड आणि भेटीचा नेमका वायदा. याला उत्तर द्यावंसं वाटतं: 'अजून दोनच अभंग बसलेत गं!' शेवटी नमस्कार, म्हणजे मान जिथे द्यायचा तिथे दिला.

या मजकुरातून एक ओळ मुद्दाम काढली आहे. कच्च्या खर्ड्यात 'तुमच्या हातची चव कुणालाच नाही' असं होतं. ते खरंही असेल, पण ते सगळेच म्हणतात, आणि डब्यावरच्या अक्षरांपुढे ते फिकं पडतं. आपला मजकूर तपासायची साधी युक्ती हीच आहे. प्रत्येक ओळीपाशी विचारा, ही ओळ जाऊबाईंनी पाठवली असती तरी चालली असती का? 'हो' उत्तर आलेल्या ओळींपैकी फक्त शुभेच्छा आणि नमस्कार ठेवायचा.

कोणती वाक्यं उलटतात आणि का

'तुम्ही सासू नाही, आईच आहात.' हेतू चांगला, पण यात 'सासू' हा शब्द वाईट ठरतो, आणि त्या तर सासूच आहेत. त्यापेक्षा 'आई म्हणायची सवय कधी लागली कळलंच नाही' हे खरं आणि हलकं. 'आईपेक्षा जास्त' तर लिहूच नका. कौटुंबिक गटात कधी तुमची आईही असते, नसली तरी मजकुराचा फोटो तिच्यापर्यंत पोचतो. आणि सासूबाईंनाही मनातून हे पटत नाही, कारण त्यांनाही माहेर आहे.

आशीर्वादाची दिशा हा खास आपल्याकडचा मुद्दा आहे. आपल्या रीतीत आशीर्वाद मोठ्यांकडून लहानांकडे येतो. त्यामुळे 'सुखी राहा', 'यशस्वी व्हा', 'औक्षवंत व्हा' अशी वाक्यं सुनेच्या तोंडी उलटी वाटतात. 'तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य मिळो' ही इच्छा चालते, कारण ती देवाकडे मागितलेली आहे. शेवट मात्र 'आशीर्वाद असू द्या' किंवा 'नमस्कार करते' असा असावा.

'सगळ्यांसाठी झिजलात', 'कधी दमला नाहीत', 'स्वतःसाठी काही मागितलं नाहीत.' या ओळींत कृतज्ञता असते, पण वाचणारीला आयुष्याचा हिशोब मांडल्यासारखा वाटतो. त्यात 'कष्टाळू, सोशीक, मनमिळाऊ, प्रेमळ' अशी विशेषणांची रांग लागली की मजकूर वर्तमानपत्राच्या चौकटीतल्या श्रद्धांजलीसारखा दिसायला लागतो. हा विनोद नाही, त्या मजकुरातली विशेषणं खरोखर हीच असतात. शिवाय 'तुम्ही कधी दमत नाही' वाचून ज्यांचे गुडघे रात्रभर दुखतात त्या काय म्हणतील?

'इतका चांगला मुलगा घडवलात' ही ओळ गोड आहे, पण फार वापरली गेली आहे. तिला पुरावा जोडा: 'ह्यांना कांदा न रडता चिरता येतो, ते तुमच्यामुळे.' यात मुलाचंही कौतुक होतं आणि तेही अतिशयोक्तीशिवाय.

विनोद करायचा तर स्वतःवर करा. पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्या फाटल्या हे लिहा. त्यांचं मीठ, त्यांची मालिका, त्यांचं वजन, आणि सासू-सुनेवरचे तयार चुटके, हे लेखी कधीच नको. बोलताना हसून सोडलेली गोष्ट पडद्यावर वर्षभर राहते.

सासरे हयात नसतील तर शब्द आणखी जपून. 'सौभाग्य', 'जोडी', 'सौ.' असं काही असलेलं तयार चित्र पाठवण्याआधी पूर्ण वाचा. नावाआधी काही लावायचंच असेल तर 'श्रीमती' लावा, पण घरच्या मजकुराला तेही लागत नाही. 'आज बाबा असते तर' ही ओळ त्यांनी स्वतः विषय काढला तरच बोला, लिहू नका.

कुठे, कधी, कशावर

रात्री बाराला पाठवायची हौस सासूबाईंसाठी नको. त्या झोपलेल्या असतात, आणि रात्री फोन वाजला की आधी काळजातच धस्स होतं. सकाळी पूजा, चहा झाल्यावर सात-साडेसातची वेळ चांगली. परदेशात असाल तर तास मोजून ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेनऊला फोन केला की इथे सकाळचे सात वाजतात. हिवाळ्यात घड्याळं बदलतात, तेव्हा तोच फोन साडेआठला करायचा.

क्रमही महत्त्वाचा. आधी फोन किंवा वैयक्तिक मजकूर, मग कौटुंबिक गट, आणि स्टेटस सगळ्यात शेवटी. स्टेटस आधी दिसलं आणि फोन दुपारी आला, तर शुभेच्छा त्यांच्यासाठी होत्या की बघणाऱ्यांसाठी, हा प्रश्न पडतोच.

गटात आणि स्टेटसवर मजकूर वेगळा ठेवा, कारण तिथे बोलणं त्यांच्याविषयी असतं. 'आज आमच्या आईंचा वाढदिवस. पेटी शिकणाऱ्या, डब्यांवर तारखा लिहिणाऱ्या आमच्या आईंना खूप शुभेच्छा!' इथे 'आईंचा', 'आईंना' असं आदरार्थी रूप येतं. एकाच मजकुरात 'आमच्या आईंचा वाढदिवस' अशी सुरुवात करून पुढच्याच ओळीत 'तुम्ही मला…' असं वळणं ही फार नेहमीची चूक आहे. एक काय ते ठरवा. फोटो त्यांना आवडलेलाच लावा, आणि आवडलेला कुठला हे त्यांच्या डीपीवरून कळतं.

टाइप करताना देवनागरीच वापरा. इंग्रजी अक्षरांतलं मराठी चष्मा सांभाळत वाचणं त्रासाचं असतं. ओळी छोट्या, मध्ये एक ओळ मोकळी. डोळ्यांचा त्रास असेल तर आवाजात पाठवा, तीस-चाळीस सेकंद पुरे. आवाजात पाठवताना लिहिलेलं वाचून दाखवू नका, वाचल्याचं लगेच कळतं. तीन गोष्टी मनात ठेवा आणि बोला.

हातानं लिहिलेल्या कार्डाची गंमत वेगळीच. त्या पिढीनं पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं लिहिली आहेत, त्यामुळे 'ती. आई, सा. न.' अशी सुरुवात पाहून त्यांना मजा वाटते. काटेकोर जायचं तर जुन्या रीतीप्रमाणे स्वतःच्या आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' लिहितात, दोन्ही 'ती.'मध्ये मावतं. 'सा. न.' म्हणजे साष्टांग नमस्कार. ही सुरुवात मोबाइलवर मात्र अवघडलेली दिसते. कार्डावर सहा ते आठ ओळी, मोठ्या अक्षरात, चमकत्या कागदावर पसरणार नाही अशा पेनानं. साडी देणार असाल तर कार्ड घडीच्या आत नको, वर ठेवा. आतलं कार्ड कपाटात जातं आणि दसऱ्याला सापडतं.

घरीच असाल तर

समोरासमोर असताना लांब बोलण्यापेक्षा औक्षण जास्त सांगून जातं. ताम्हनात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, तुपाचं निरांजन आणि एखादा गोड पदार्थ. गुडघे दुखत असतील तर पाटाचा आग्रह नको, खुर्चीवर बसवा आणि खुर्चीपुढे रांगोळीच्या दोन रेघा ओढा. कुंकू लावून डोक्यावर अक्षता, मग सुपारी आणि अंगठी ओवाळायची, मग निरांजन, बहुतेक घरांत तीनदा. गोड भरवून वाकून नमस्कार. मधुमेह असेल तर चमचाभर खीर किंवा एखादा खजूर पुरे. घराघरात क्रम थोडा बदलतो, सासरी जसा असेल तसाच करा. सासरे नसतील तर कुंकू लावलेलं त्यांना चालतं का, हे नणंदेकडून आधी जाणून घ्या. काहींना आवडतं, काही आयत्या वेळी अवघडतात.

नमस्कार करताना बोलायचं एकच वाक्य: 'आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आशीर्वाद द्या.' डब्याची नि पेटीची गोष्ट नंतर, चहाच्या वेळी.

अवघड जागा

लग्नानंतरचा पहिला वाढदिवस असेल तर आठवणी नसतात, आणि त्या ओढूनताणून आणायच्या नाहीत. पहिल्या दिवसांतली एकच गोष्ट पुरते: 'गृहप्रवेशाच्या दिवशी गर्दीतून मला बाजूला घेऊन तुम्ही आधी पाणी दिलंत, ते लक्षात आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, आई.'

संबंध ताणलेले असतील तर वाढदिवस हा समेटाचा दिवस मानू नका. जुना विषय, माफी, 'झालं गेलं विसरून जाऊ' यांतलं काहीच नको. दोन खऱ्या ओळी लिहा: 'आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं, ऐकून बरं वाटलं. नमस्कार.' जे वाटत नाही ते लिहिलं तर त्यांना टोमणा वाटू शकतो. गाळलेलं कुणी मोजत नाही.

घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर 'जल्लोष', 'सेलिब्रेशन', केकची चित्रं टाळा. फोन करून 'आज तुमचा वाढदिवस, नमस्कार करायला फोन केला' एवढं पुरे. त्या बोलत्या झाल्या तर ऐकून घ्या.

साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागतं किंवा पंच्याहत्तरी असते तेव्हा घरात शांतीचा विधी किंवा समारंभ असू शकतो. तिथे आकडा लिहायला हरकत नाही. एरवी वयाचा आकडा मजकुरात घालायची गरज नसते.

त्यांचं उत्तर आल्यावर

फोनवर पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: 'आता कसला वाढदिवस या वयात!' यावर 'असं काय म्हणता, तुम्ही तर अजून तरुण दिसता' हे चिकट उत्तर टाळा. 'तुमचा नको असेल तर राहू दे, पण शिरा आम्हाला हवाय, काय काय आणू?' असं म्हणा. काही घरांत मग सासूबाईच पाव किलो रव्याचा, वाटीभर तुपाचा हिशोब सांगायला लागतात आणि फोन वीस मिनिटं चालतो.

लेखी उत्तर 'सुखी राहा' एवढंच आलं तर त्यावर नुसतं हृदय टाकून थांबू नका. संध्याकाळी एकदा विचारा, 'कोणाकोणाचे फोन आले?' वाढदिवसाच्या दिवशी त्यांना हेच सांगायचं असतं: माहेरचा कोण, शाळेतली कोण, आणि दर वर्षी विसरणारा धाकटा भाऊ यंदा सकाळी सहालाच कसा उगवला.